'दिनांक' आणि 'रोजी' एकाच ओळीत

सप्रेम नमस्कार. माझे वडील तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. येत्या १८ जानेवारीला त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असून आम्ही भावंडांनी त्यांचा सत्कार योजला आहे. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर मी लिहिला. माझ्या काकांनी त्यातले 'तारीख', 'हजर', 'खास', 'जाहीर' हे शब्द फारसी-अरबी म्हणून खोडले आणि 'अव्वल कारकून'च्या जागी 'प्रथम लिपिक' घातले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश कशासाठी करून घेतला, असे ते विचारतात. धाकट्या भावाला काकांचा मसुदा सरकारी परिपत्रकासारखा वाटतो. आपल्या घरात असे कोणी बोलत नाही, असे तो म्हणतो. दोन्ही मसुदे सोबत पाठवीत आहे. औपचारिक निमंत्रणात कोणते शब्द ठेवावेत?
– एक वाचक, जिल्हा लातूर

सप्रेम नमस्कार.

आपल्या काकांच्या मसुद्यातील एका ओळीपासून सुरुवात करतो. ती ओळ अशी आहे : 'रविवार, दिनांक १८ जानेवारी २०२६ रोजी'. 'तारीख' हा अरबी शब्द काढून त्यांनी 'दिनांक' हा संस्कृत शब्द घातला, तो औपचारिक पत्रिकेत शोभतोही. परंतु त्याच ओळीच्या शेवटी असलेल्या 'रोजी'मधील 'रोज' हा फारसी शब्द आहे, आणि तो खोडावा असे काकांना वाटले नाही. यात त्यांची चूक झाली असे मी म्हणणार नाही. उलट, त्यांच्या कानाने येथे बरोबर निर्णय दिला आहे. 'दिनांक … रोजी' हा मराठीत रुळलेला जोड आहे आणि त्याचे दोन्ही भाग मिळूनच तो औपचारिक वाटतो. 'दिनांक १८ जानेवारी या दिनी' असे लिहिले तर ओळ शुद्ध होईल, पण ती मराठी माणसाने लिहिली असे वाटणार नाही. आपण मात्र 'दिनांक १८ या तारखेला' असे कोठेही लिहू नये, कारण तेथे एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते. ही चूक मी छापील पत्रिकांत अनेकदा पाहिली आहे.

यावरून निवड करण्याचा एक मार्ग निघतो. शब्द कोणत्या भाषेतून आला हे पाहण्यापूर्वी तो आज मराठीत कोणत्या कामावर आहे, कोणत्या शब्दाच्या शेजारी बसतो आणि यजमानाच्या तोंडी कसा ऐकू येतो, हे पाहावे. व्युत्पत्ती मुळीच निरुपयोगी नाही. शब्दाचा सूर असा का लागतो याचे कारण पुष्कळदा तिच्यातच सापडते. पण निर्णय सुराचा असतो.

हे 'हजर' या शब्दावर तपासून पाहू, कारण आपल्या मसुद्यात मला खरोखर अडखळवणारी जागा तीच आहे. आपण लिहिले आहे : 'आपण वेळेवर हजर राहावे ही विनंती.' मराठीत फारसी-अरबी शब्दांचा मोठा साठा आला तो बहमनी, निजामशाही आणि आदिलशाही राजवटींच्या काळात, आणि तो मुख्यतः कचेरी, लष्कर, जमीनमहसूल आणि न्यायनिवाडा यांच्या वाटेने आला. त्यामुळे या क्षेत्रांतील शब्दांवर अजूनही कामकाजाची छाया आहे. 'हजर' म्हटले की शाळेचा हजेरीपट, कामावर हजर होण्याचा आदेश किंवा न्यायालयाचे समन्स आठवते. हजर न राहिल्यास काहीतरी होईल, असा धाक त्या शब्दात आपोआप येतो. मागे 'विनंती' जोडली तरी तो धाक जात नाही, आणि आपण तर 'वेळेवर'ही लिहिले आहे, त्यामुळे वाक्य अधिकच वरिष्ठाने कनिष्ठाला लिहिल्यासारखे झाले आहे. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या कार्यक्रमाची पत्रिका माझ्या हातून तपासून गेली होती आणि तीत 'वेळेवर हजर राहावे' ही अक्षरे तशीच राहिली. एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक कार्यक्रमाला आले, बसले आणि शांतपणे म्हणाले, 'तुम्ही बोलावले नव्हते, हजेरी लावली होती.' ते वाक्य मी विसरलेलो नाही.

'उपस्थित' या शब्दात असा धाक नाही. 'उप' म्हणजे जवळ आणि 'स्था' म्हणजे उभे राहणे. जवळ येऊन उभे राहणे हा त्याचा मूळ अर्थ आहे, आणि मराठीत हा शब्द सभा, समारंभ, विवाह अशा मानाच्या प्रसंगी वापरला जात असल्याने पाहुण्याचा मान त्यात राखला जातो. म्हणून येथे काकांची दुरुस्ती मान्य करावी. मात्र त्यांचे कारण आणि माझे कारण वेगळे आहे. 'हजर' अरबी आहे म्हणून तो जाऊ नये, तो हुकूम करतो म्हणून जावा. हेच वाक्य जर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीसाठी काढलेल्या सूचनेत असते, तर 'सर्व सदस्यांनी हजर राहावे' हेच योग्य ठरले असते, कारण तेथे सदस्यांवर कर्तव्य असते.

आता 'तारीख'. बोलताना आपण आणि आपले काका दोघेही 'कार्यक्रमाची तारीख ठरली' असेच म्हणणार, आणि फोनवरून निमंत्रण देताना तसेच म्हणावे. 'दिनांक' हा शब्द विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत पुढे आणला आणि तो कागदावर चांगला रुजला. परंतु तो बोलण्यात उतरला नाही, आणि त्याचे काम आकड्याच्या अगोदर बसण्यापुरतेच राहिले. 'दिनांकाला या', 'दिनांक पुढे ढकलला' असे कोणी म्हणत नाही. म्हणजे मराठीने दोन्ही शब्द ठेवून त्यांत कामाची वाटणी केली आहे. आकड्याच्या अगोदर, छापील ओळीत, 'दिनांक'. वाक्याच्या ओघात, जेथे शब्दाला प्रत्यय लागतो तेथे, 'तारीख'. आपल्या पत्रिकेत समजा 'कार्यक्रमाच्या तारखेत बदल झाल्यास कळविण्यात येईल' असे वाक्य असते, तर मी तेथे 'दिनांकात' असे कधीही केले नसते.

'खास' आणि 'जाहीर' हे दोन्ही शब्द काढावेत, पण त्यांचीही कारणे वेगवेगळी आहेत. 'खास' हा घरगुती जवळिकीचा शब्द आहे. 'तुमच्यासाठी खास पाठवले आहे' असे आपण मायेने म्हणतो. पत्रिकेत 'खास सत्कार' असे आले की मात्र ती जवळीक जाहिरातीसारखी वाटू लागते, कारण यजमान स्वतःच आपल्या समारंभाची वाखाणणी करतो. तेथे 'विशेष' घातल्यानेही दोष जात नाही. 'सत्कार' पुरेसा आहे. 'जाहीर'चा प्रश्न अर्थाचा आहे. 'जाहीर सत्कार' म्हणजे ज्याला गावातला कोणीही येऊ शकतो असा, मैदानात किंवा सभागृहात सर्वांसाठी खुला असलेला सत्कार. आपण निमंत्रितांची यादी केली आहे, जेवणाची पाने मोजली आहेत. म्हणजे हा सत्कार जाहीर नाही. उद्या गावाने आपल्या वडिलांचा सत्कार केला तर 'जाहीर सत्कार' हाच शब्द वापरावा, आणि काका 'सार्वजनिक सत्कार' सुचवतील तरी तो स्वीकारू नये, कारण 'जाहीर सभा', 'जाहीर व्याख्यान', 'जाहीर सत्कार' हे मराठीत पक्के झालेले प्रयोग आहेत.

'अव्वल कारकून' हे मात्र आपण मुळीच बदलू देऊ नये, आणि येथे मी आपल्या बाजूने ठामपणे उभा आहे. 'अव्वल' अरबी आहे आणि 'कारकून' फारसी आहे हे खरेच. परंतु ते आपल्या वडिलांचे पदनाम आहे. महसूल विभागात त्या पदाचे तेव्हा हेच नाव होते, वडिलांनी त्याच पदनामाखाली सही केली, त्याच नावाने लोक त्यांच्याकडे आले. 'प्रथम लिपिक' या नावाचे पद त्यांनी कधीही सांभाळले नाही. पदनाम हे विशेषनामासारखे असते, त्याचे भाषांतर होत नाही. काकांनी 'महसूल विभाग' याचेही 'राजस्व विभाग' केले आहे, आणि तेथे एक निराळाच घोटाळा झाला आहे : 'राजस्व' हा संस्कृत शब्द खरा, पण या अर्थाने तो हिंदी राज्यांच्या कारभारातला आहे. महाराष्ट्रात या विभागाचे नाव 'महसूल' आहे. संस्कृत शब्द शोधताना तो मराठीतून न येता हिंदीतून येतो, ही चूक आता फार होऊ लागली आहे, आणि तिच्याकडे काकांचे लक्ष आपण आदराने वेधावे. मराठीची काळजी असलेल्या माणसाला ती पटेल असे मला वाटते.

त्यांच्याच मसुद्यात याची आणखी तीन उदाहरणे आहेत. त्यांचे मुख्य वाक्य असे आहे : 'पिताश्रींच्या अमृतमहोत्सवपूर्तीनिमित्त आयोजित अभिष्टचिंतन समारोहप्रसंगी आपली सादर उपस्थिती प्रार्थनीय आहे.' मराठीत शब्द 'समारंभ' आहे. 'समारोह' हिंदीतला आहे आणि मराठी वाचकाला तो घाईत 'समारोप'सारखा दिसतो, म्हणजे कार्यक्रम संपण्याची आठवण करून देतो. 'सादर' म्हणजे संस्कृतात 'आदरासह', आणि हिंदी पत्रिकांत तो त्या अर्थाने येतो. परंतु मराठीत 'सादर करणे' म्हणजे पुढे मांडणे, मग तो अहवाल असो किंवा गाणे असो. 'सादर उपस्थिती' वाचताना मराठी माणूस क्षणभर थांबतो. 'प्रार्थनीय' याचीही तीच गत आहे. मराठीची स्वतःची रीत 'उपस्थित राहावे, ही नम्र विनंती' अशी क्रियापदाची आहे. नामांची माळ ओवून शेवटी 'आहे' लावणे ही मराठीची रीत नाही, आणि आपल्या भावाला परिपत्रकाचा जो वास आला तो माझ्या मते संस्कृत शब्दांचा नाही, या वाक्यरचनेचा आहे. तेच शब्द सुटे करून दोन वाक्यांत लिहिले तर तो राहत नाही.

'अभिष्टचिंतन' याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. शुद्ध रूप 'अभीष्टचिंतन' असे आहे : अभि आणि इष्ट यांचा संधी झाला की दोन ऱ्हस्व इकार मिळून 'भी' दीर्घ होते. रस्त्यावरच्या फलकांवर हा शब्द इतक्या वेळा ऱ्हस्व लिहिलेला असतो की आता तोच बरोबर वाटू लागला आहे. तत्सम शब्द निवडताना ही जोखीम लक्षात घ्यावी. तो शब्द अचूक लिहिला तर शोभतो, आणि चुकला तर त्याच्या थोरपणामुळेच चूक अधिक डोळ्यांत भरते. 'आशीर्वाद'चा 'आर्शिवाद' आणि 'उद्घाटन'चा 'उद्धाटन' होतो तोही असाच. फारसी-अरबी शब्दांनाही मराठीच्या लेखनाचे नियम आहेतच, पण ते वेगळे आहेत : 'वकील' या शब्दाला प्रत्यय लागला की 'की' ऱ्हस्व होऊन 'वकिलांच्या हस्ते' असे लिहावे लागते, तर तत्सम 'स्वागतगीत' प्रत्यय लागल्यावरही 'स्वागतगीताने' असेच राहते. आपल्या मनात शब्दाच्या कुळाविषयी शंका असेल तर दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडावा. तेथे व्युत्पत्ती ठाऊक असलेल्या शब्दापुढे कंसात ती दिलेली असते, आणि लेखनाचा नियम ठरवायला ती खरोखर उपयोगी पडते. केवळ कानावर भरवसा ठेवू नये. 'पाहुणा' हा शब्द कोणाला परका वाटत नाही, पण तो 'प्राघूर्ण' या संस्कृत शब्दापासून आला असेल असेही कोणाला वाटत नाही. आणि 'कागद' घरचा वाटतो, तो फारसी आहे.

आता राज्यव्यवहारकोशाविषयी, कारण काकांचा प्रश्न गंभीर आहे आणि त्याला तसेच उत्तर द्यायला हवे. महाराजांनी रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे हे काम सोपवले, आणि त्या कोशात दुर्ग, शस्त्रे, लेखन, व्यापार अशा वर्गांनुसार कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. नवे सार्वभौम राज्य आपल्या कारभाराची भाषा स्वतः ठरवते, हा त्यातला विचार होता, आणि १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी प्रधानांची पदे संस्कृत नावांनी जाहीर झाली तीही त्याच विचाराने. सरनौबत सेनापती झाला, सुरनीस सचिव झाला, डबीर सुमंत झाला. यांपैकी सेनापती आणि सचिव हे शब्द आज आपण सहज वापरतो, तेव्हा तो प्रयत्न वाया गेला असे कोणी म्हणू नये. पण पुढे काय झाले तेही पाहावे. थोरल्या बाजीरावांच्या शिक्क्यात 'मुख्य प्रधान' अशी अक्षरे आहेत, आणि तरीही लोकांनी त्यांना पेशवा म्हटले. इतिहासानेही तेच नाव ठेवले. शिक्क्यावर एक शब्द आणि तोंडी दुसरा, असे दोन्ही एकाच वेळी नांदले, आणि त्यामुळे राज्याच्या मानाला काही उणे आले नाही. पत्रिका ही एक प्रकारे घराची मुद्रा आहे, म्हणून तिच्यात तोंडी भाषेपेक्षा थोडा अधिक घडीव शब्द येणे मला योग्य वाटते. पण पेशव्यांना पेशवे म्हणणे जसे मराठीच आहे, तसे अव्वल कारकुनाला अव्वल कारकून म्हणणेही मराठीच आहे.

पदांच्या बाबतीत माझा नियम साधा आहे. ज्याचे जे पदनाम, ते जसेच्या तसे. प्रमुख पाहुण्यांपैकी एक निवृत्त उपजिल्हाधिकारी आहेत असे आपण लिहिले आहे. त्या एका शब्दात 'उप' आणि 'अधिकारी' संस्कृत आहेत आणि मधला 'जिल्हा' अरबी आहे, आणि तरीही तो शब्द पूर्णपणे औपचारिक आहे. दुसरे पाहुणे एका संस्थेचे चिटणीस आहेत. काकांनी त्यांचे 'सचिव' केले आहे. संस्थेच्या घटनेत ज्या पदाचे नाव 'चिटणीस' आहे त्याला 'सचिव' लिहिणे म्हणजे त्या गृहस्थांना दुसरेच पद देणे होय. ते स्वतः बोलले नाहीत तरी त्यांना ते खटकेल. त्यांना विचारून घ्यावे. वडिलांचे जे मुस्लिम स्नेही अध्यक्षस्थानी आहेत त्यांच्या नावाअगोदर 'जनाब' लिहावे की 'श्री.', असे आपण समासात विचारले आहे. मराठी पत्रिकांत दोन्ही रीती आहेत, आणि येथे निवड आपली नाही, त्यांची आहे. ते आपली सही करताना किंवा आपल्या घरच्या पत्रिकेत जसे लिहितात तसे लिहावे. नावापुढचे 'साहेब' त्यांना आणि उपजिल्हाधिकाऱ्यांना सारखेच शोभेल.

पत्त्याच्या ओळीला कोणी हात लावू नये. मुक्काम, तालुका, जिल्हा, हे तिन्ही शब्द अरबीतून आले, आणि त्यांना पर्याय शोधणे म्हणजे पाहुण्याला वाट चुकवणे होय. रस्त्याच्या फलकावर 'रस्ता' असेल तर 'रस्ता', 'मार्ग' असेल तर 'मार्ग'.

जेवणाच्या ओळीत आपण 'मेजवानी' लिहिले आहे आणि काकांनी 'अल्पोपाहार'. मला दोन्ही नकोत. 'मेजवानी' या फारसी शब्दाचा मूळ अर्थ आतिथ्य असा आहे, पण मराठीत तो थाटाच्या पंक्तीचा शब्द झाला आहे. पाहुण्याने घरी जाऊन 'मेजवानी झाली' म्हणावे. यजमानाने आपल्याच जेवणाला तसे म्हणणे बरे दिसत नाही. आणि आपण जर पूर्ण जेवण देणार असाल तर 'अल्पोपाहार' हे खोटे ठरेल, पाहुणे घरी स्वयंपाक करून येतील. 'स्नेहभोजन' हा शब्द येथे नेमका बसतो. याच न्यायाने 'मेहेरबानी करून आहेर आणू नये' असे न लिहिता 'कृपया आहेर आणू नये' असे लिहावे, कारण 'मेहेरबानी करून' याला आज थोडी कंटाळलेल्या माणसाची धार आली आहे; 'मेहेरबानी करून येथे वाहन लावू नये' अशा पाट्यांनी ती आणली आहे.

'शाल, श्रीफळ आणि मानपत्र' ही ओळ दोन्ही मसुद्यांत जशी आहे तशीच आहे, याचा मला आनंद झाला. शाल फारसी, श्रीफळ आणि मानपत्र संस्कृत. तिघे मिळून एक मान होतो. काकांना तेथे 'उत्तरीय' सुचले नाही, कारण वडिलांच्या खांद्यावर जे पडणार आहे ती शालच आहे.

शीर्षकात आपण 'आमंत्रण' लिहिले आहे आणि काकांनी 'निमंत्रण'. दोन्ही शब्द संस्कृत आहेत, त्यामुळे हा वाद आपल्या प्रश्नात बसत नाही, पण तो लक्षात घेण्यासारखा आहे. संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत या दोन शब्दांत भेद केला आहे : निमंत्रण म्हणजे जे स्वीकारलेच पाहिजे असे बोलावणे, जसे श्राद्धाच्या भोजनाचे, आणि आमंत्रण म्हणजे जे स्वीकारणे बोलावलेल्याच्या इच्छेवर आहे असे. आजच्या मराठीत हा भेद काटेकोरपणे पाळला जात नाही. मात्र 'आग्रहाचे' हे विशेषण 'निमंत्रणा'लाच अधिक शोभते, ते बहुधा याच कारणाने. घरच्या कार्याला मी 'निमंत्रण' लिहीन.

'अमृतमहोत्सव' आणि 'पंचाहत्तरी' यांतही आपण अडलेले दिसता. हे दोन्ही शब्द फारसी नाहीत. एक संस्कृत आहे आणि दुसरा संस्कृतातूनच झिजून आलेला घरचा मराठी शब्द आहे. अशा घरच्या शब्दांना या वादात कोणीच विचारात घेत नाही, याचे मला वाईट वाटते. विनंती, पाहुणा, सोहळा, आवर्जून, नमस्कारानंतरचे 'आपले', यांच्याशिवाय पत्रिका उभीच राहत नाही. 'पिताश्री' हा शब्द मी याच कारणाने काढला आहे. आपण वडिलांना वडील म्हणता, आणि तो शब्द कोणत्याही पत्रिकेत ताठ मानेने बसू शकतो.

दोन्ही मसुद्यांतून मी तयार केलेला मजकूर असा आहे. मोकळ्या जागी आपण नावे भरावीत.

सस्नेह निमंत्रण

सप्रेम नमस्कार.

आमचे वडील श्री. ……… (सेवानिवृत्त अव्वल कारकून, महसूल विभाग) रविवार, दिनांक १८ जानेवारी २०२६ रोजी वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यानिमित्त त्यांचा अमृतमहोत्सवी सत्कार त्याच दिवशी सायंकाळी ५ वाजता ……… मंगल कार्यालय, मुक्काम ………, तालुका ………, जिल्हा लातूर येथे योजला आहे. निवृत्त उपजिल्हाधिकारी श्री. ……… साहेब यांच्या हस्ते शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन त्यांचा सत्कार करण्यात येईल. ……… साहेब अध्यक्षस्थान भूषवतील आणि ……… संस्थेचे चिटणीस श्री. ……… अभीष्टचिंतन करतील.

आपण सहकुटुंब अगत्याने उपस्थित राहून आमचा आनंद वाढवावा, ही नम्र विनंती. समारंभानंतर स्नेहभोजनाची सोय केली आहे. कृपया आहेर आणू नये.

आपले स्नेहांकित,
……… आणि सर्व भावंडे

या मजकुरात अव्वल, कारकून, महसूल, रोजी, मुक्काम, तालुका, जिल्हा, साहेब, शाल, चिटणीस असे फारसी-अरबी कुळाचे शब्द आहेत, आणि त्यांतला एकही खटकत नाही असे मला वाटते. काकांनी खोडलेले चारही शब्द त्यात नाहीत, आणि काकांनी घातलेला 'दिनांक' आहे. भावासाठी वाक्ये लहान केली आहेत. वडिलांच्या पदनामाची ओळ त्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवावी. निवृत्तीच्या वेळच्या आदेशात पदनाम वेगळे असेल तर आदेशातले घ्यावे. छापखान्यातून पहिले मुद्रित आले की 'अभीष्टचिंतन' मधल्या 'भी'ची वेलांटी आपण स्वतः तपासावी, कारण अक्षरजुळणी करणारा ती सवयीने ऱ्हस्व करून टाकण्याचा संभव फार आहे.